द्विपद श्रेढी आणि अपूर्णांक घात: पहिली काही पदं आणि अभिसरण त्रिज्या, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूत्र पाठ असतं, पण उदाहरण समोर आलं की गाडी दोनच ठिकाणी अडते. एक म्हणजे कंसातला पहिला आकडा 1 नसतो तेव्हा, आणि दुसरं म्हणजे "ही श्रेढी कुठपर्यंत चालते?" असं विचारलं जातं तेव्हा. म्हणून इथे बरीचशी उत्तरं एकाच उदाहरणाभोवती फिरतात: ∛(8 + 3x), म्हणजेच (8 + 3x)^(1/3). ते नीट हाताखालून गेलं की बाकीची उदाहरणं आकडे बदलून होतात. एक मात्र तसं होत नाही, ते शेवटी घेतलं आहे.

घातांक अपूर्णांक झाला की नेमकं काय बदलतं?

श्रेढी संपत नाही, एवढंच. पण बाकी सगळी भानगड त्यातूनच येते. सूत्र तेच आहे:

```
(1 + u)^p = 1 + p·u + p(p−1)/2! · u² + p(p−1)(p−2)/3! · u³ + …
```

p = 3 घेतलं तर अंशात 3, 2, 1 असे गुणक येतात आणि पुढचा गुणक 0 येतो. तिथून पुढची सगळी पदं शून्य होतात आणि आपल्या ओळखीचं चार पदांचं विस्तारसूत्र उरतं. p = 1/3 घेतलं की गुणक येतात 1/3, −2/3, −5/3, −8/3. प्रत्येक वेळी 1 वजा होतो, पण शून्यावर पाऊल कधीच पडत नाही, ते ओलांडलं जातं. त्यामुळे पदं येतच राहतात, आणि अनंत पदांची बेरीज म्हटल्यावर ती एका निश्चित संख्येकडे जाते का हे विचारणं भाग पडतं.

"तीनातून दोन निवडायचे" या अर्थाने सहगुणक समजून घेतले असतील, तर तो अर्थ इथे सोडून द्या. एक तृतीयांश वस्तूंतून दोन निवडणं याला काही अर्थ नाही. गुणाकाराचं रूप मात्र कुठल्याही p साठी चालतं, आणि आपल्याला तेच पुरतं.

कंसात 8 + 3x आहे. सूत्र थेट लावायचं का?

नाही. वरच्या सूत्रातला 1 हा खरोखर 1 असावा लागतो. म्हणून आधी 8 बाहेर काढायचा, आणि तो बाहेर येताना घनमूळ होऊनच येतो:

```
(8 + 3x)^(1/3) = 8^(1/3) · (1 + 3x/8)^(1/3) = 2(1 + 3x/8)^(1/3)
```

पेपर तपासताना इथे दोन चुका सारख्या दिसतात. पहिली म्हणजे 8 तसाच बाहेर येतो, घनमूळ न होता. दुसरी म्हणजे 2 नीट बाहेर येतो, पण आत 3x/8 ऐवजी 3x तसाच राहतो. पहिली चूक पकडायला x = 0 ठेवा. डावीकडे ∛8 = 2 आहे, तर उजवीकडेही 2 च यायला हवा. दुसरी चूक या कसोटीतून निसटते, कारण x = 0 ला 3x आणि 3x/8 दोन्ही शून्यच. तिच्यासाठी दोन्ही बाजूंचा घन करा. 8 आणि 1 + 3x/8 यांचा गुणाकार 8 + 3x यायला हवा.

प्रत्येक सहगुणक पहिल्यापासून काढत बसायचं का? त्यात चिन्हं हमखास चुकतात.

अजिबात नको. प्रत्येक सहगुणक आधीच्या सहगुणकावरून काढा. uⁿ चा सहगुणक हातात असेल, तर त्याला (p − n)/(n + 1) ने गुणलं की पुढचा मिळतो. p = 1/3 साठी:

```
n = 0:  1        × (1/3)/1    =  1/3
n = 1:  1/3      × (−2/3)/2   = −1/9
n = 2:  −1/9     × (−5/3)/3   =  5/81
n = 3:  5/81     × (−8/3)/4   = −10/243
n = 4:  −10/243  × (−11/3)/5  =  22/729
```

चिन्ह वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. n = 1 पासून पुढे प्रत्येक गुणक ऋण आहे, म्हणून तिथून चिन्ह दर पदाला उलटतं. p जर 0 आणि 1 च्या मधे असेल तर नमुना नेहमी असाच दिसतो: पहिली दोन पदं धन, मग ऋण, धन, ऋण. तुमच्या उत्तरात u चं पद धन आणि u² चं पदही धन आलं, तर पुढे न जाता मागे वळा.

ही पद्धत शिकवणीवर्गात शोधलेली युक्ती नाही. न्यूटनने जून १६७६ मध्ये ओल्डेनबर्ग यांच्यामार्फत लाइब्निट्स यांना पाठवलेल्या पत्रात हा नियम लिहिला, तो याच रूपात. त्यात त्याने पहिल्या पदाला A, दुसऱ्याला B अशी नावं दिली आणि पुढचं प्रत्येक पद मागच्या अक्षराच्या पटीत मांडलं. त्याचं पहिलं उदाहरण होतं √(c² + x²). अपूर्णांक घात हाच तिथे मुख्य विषय होता. पूर्णांक घातांचा विस्तार त्याच्या आधीपासून माहीत होता.

मग पूर्ण उत्तर काय येतं?

आता u च्या जागी 3x/8 ठेवायचं, आणि बाहेरचा 2 प्रत्येक पदात गुणायचा. घाई करू नका. 3x/8 चा वर्ग करताना 3 चाही वर्ग होतो आणि 8 चाही.

```
x  चं पद:   2 · (1/3)    · 3/8      =  1/4
x² चं पद:   2 · (−1/9)   · 9/64     = −1/32
x³ चं पद:   2 · (5/81)   · 27/512   =  5/768
x⁴ चं पद:   2 · (−10/243)· 81/4096  = −5/3072

∛(8 + 3x) = 2 + x/4 − x²/32 + 5x³/768 − 5x⁴/3072 + …
```

"पहिली चार शून्येतर पदं" असं विचारलं असेल तर x³ पर्यंत थांबायचं. "x⁴ पर्यंत" असं विचारलं असेल तर पाच पदं लिहायची. या दोन्हींत गल्लत होऊन हातातले गुण जातात.

उत्तर बरोबर आहे हे स्वतःचं स्वतः कसं तपासायचं?

घन करून पाहा. घनमूळाची श्रेढी बरोबर असेल तर तिचा घन 8 + 3x यायलाच हवा, आणि x², x³ ची पदं आपोआप कटली पाहिजेत. x चा सहगुणक: 3 · 2² · 1/4 = 3. जमलं. x² चा सहगुणक: 3 · 2² · (−1/32) + 3 · 2 · (1/4)² = −3/8 + 3/8 = 0. x³ साठी 5/64 − 6/64 + 1/64 असं येतं, तेही शून्य. न्यूटननेही √(1 − x²) ची श्रेढी काढल्यावर तिचा तिने गुणाकार करून उरतं ते 1 − x² च आहे ना, हे पाहिलं होतं.

दुसरा मार्ग म्हणजे एखादी संख्या घालून पाहणं. x = 1/3 घेतलं तर कंसात 9 होतात, म्हणजे आपण ∛9 काढतो आहोत. पाच पदांची बेरीज 2.080082 येते आणि खरी किंमत 2.080084 आहे. पुढचं सहावं पद सुमारे 0.0000018 आहे, आणि आपली चूक त्याहून किंचित कमी आहे. हा योगायोग नव्हे. x धन असताना चिन्हं आळीपाळीने येतात आणि त्रिज्येच्या आत पदांचा आकार कमी कमी होत जातो. अशा वेळी चूक ही सोडलेल्या पहिल्या पदापेक्षा जास्त असू शकत नाही. x ऋण असेल तर ही सोय मिळत नाही. तेव्हा पहिल्या पदानंतरची सगळी पदं ऋण असतात आणि चुका एकाच दिशेने साठत जातात.

अभिसरण त्रिज्या कशी काढायची?

गुणोत्तर कसोटीने, जिला वर्गात सगळे रेशो टेस्टच म्हणतात. त्यासाठी लागणारं गुणोत्तर आपल्याकडे तयार आहे, सहगुणक काढताना वापरलेलंच:

```
|पुढचं पद / आधीचं पद| = |p − n|/(n + 1) · |u|
```

n मोठा होत गेला की |p − n|/(n + 1) ची सीमा 1 होते. p काहीही असो, n पुढे त्याचं काही चालत नाही. म्हणजे उरतं ते फक्त |u|. श्रेढी |u| < 1 असताना अभिसारी आणि |u| > 1 असताना अपसारी. आपल्या उदाहरणात u = 3x/8, म्हणून |3x/8| < 1, म्हणजेच |x| < 8/3. अभिसरण त्रिज्या 8/3.

बाहेरच्या 2 चा त्रिज्येवर काहीही परिणाम होत नाही, आणि घातांकाचाही नाही. (8 + 3x)^(1/3), (8 + 3x)^(1/2), (8 + 3x)^(−5/7) या सगळ्यांची त्रिज्या 8/3 च. अपवाद फक्त p शून्य किंवा धन पूर्णांक असण्याचा, कारण तेव्हा श्रेढी संपते आणि सगळीकडे चालते. उत्तरात 3/8 लिहिणं ही सगळ्यात नेहमीची चूक. ती टाळायला एकच प्रश्न विचारा: 8 + 3x शून्य कुठे होतं? x = −8/3 ला. शून्यापासून तिथपर्यंतचं अंतर, तीच त्रिज्या.

पण ∛(8 + 3x) तर प्रत्येक वास्तव x ला अस्तित्वात आहे. मग श्रेढी x = 8 ला का चालत नाही? ∛32 काढता येतंच की!

येतं, 3.1748. पण श्रेढीत x = 8 ठेवून पाहा. पदं येतात 2, 2, −2, 10/3, −20/3, 44/3. बेरजा होतात 2, 4, 2, 5.33, −1.33, 13.33. आकडे 3.17 च्या आसपासही थांबत नाहीत, उलट झोके मोठे होत जातात.

कारण उजवीकडे नाही, डावीकडे आहे. x = −8/3 ला हे फल शून्य होतं आणि तिथे आलेखाची स्पर्शिका उभी होते, म्हणजे अवकलज अनंताला जातो. घातश्रेढीने काढलेलं फल तिच्या अंतरालाच्या आत कुठेही असं वागू शकत नाही, त्यामुळे श्रेढी −8/3 च्या पलीकडे जाऊच शकत नाही. आणि घातश्रेढीचा विस्तार शून्याभोवती दोन्ही बाजूंना सारखाच असतो. डावीकडे 8/3 वर भिंत लागली की उजवीकडेही 8/3 वरच थांबावं लागतं, तिथे आलेख कितीही गुळगुळीत असला तरी.

√(1 + x²) हे याहून फसवं उदाहरण. वास्तव रेषेवर त्याला कुठेच अडचण नाही, मुळाखालची राशी 1 च्या खालीही जात नाही. तरी त्रिज्या 1 च, कारण 1 + x² हे x = i आणि x = −i ला शून्य होतं आणि या दोन्ही संमिश्र संख्या मूळबिंदूपासून 1 अंतरावर आहेत. भिंत वास्तव रेषेवर दिसत नाही, पण असते. "त्रिज्या" हा शब्दही तिथूनच आला आहे, कारण प्रत्यक्षात ते संमिश्र प्रतलावरचं वर्तुळ आहे.

मग ∛32 हवंच असेल तर?

8 च्या ऐवजी जवळचा घन घ्या. 32 = 27 + 5, म्हणून ∛32 = 3(1 + 5/27)^(1/3). इथे u = 5/27, एकापेक्षा बराच लहान. चार पदांत 3.1749 मिळतं. आणखी अचूक हवं असेल तर u आणखी लहान करायचा. याचं माझं आवडतं उदाहरण ∛2 चं आहे: 2 = (125/64) · (128/125), म्हणून

```
∛2 = (5/4)(1 + 0.024)^(1/3)
   ≈ 1.25 (1 + 0.008 − 0.000064 + 0.00000085)
   ≈ 1.2599211
```

खरी किंमत 1.25992105 आहे. हेच ∛2 जर (1 + 1)^(1/3) असं मांडून काढायला बसलात तर u = 1, आणि चार पदांनंतर 1.284 वर अडकाल. सूत्र दोन्हीकडे एकच आहे. सगळा फरक u च्या निवडीचा.

x बरोबर 8/3 किंवा −8/3 असेल तर काय होतं?

गुणोत्तर कसोटी इथे गप्प बसते, कारण सीमा नेमकी 1 येते. टोकं वेगळी तपासावी लागतात आणि तिथे मात्र घातांकाला महत्त्व येतं. p धन असेल तर द्विपद श्रेढी u = 1 आणि u = −1 या दोन्ही टोकांना अभिसारी असते. p हा −1 आणि 0 च्या मधे असेल, उदाहरणार्थ 1/√(1 + u), तर u = 1 ला चालते, u = −1 ला नाही. p = −1 किंवा त्याहून खाली गेला की दोन्ही टोकं गेली. आपला p = 1/3, म्हणून अभिसरणाचा अंतराल −8/3 ≤ x ≤ 8/3, दोन्ही टोकं धरून. या सगळ्याची काटेकोर सिद्धता, संमिश्र u आणि संमिश्र घातांक धरून, नील्स आबेल यांनी १८२६ मध्ये दिली, म्हणजे न्यूटनच्या पत्रानंतर दीडशे वर्षांनी.

पण "अभिसारी" याचा अर्थ "उपयोगी" असा घेऊ नका. x = −8/3 ला बेरीज ∛0 = 0 यायला हवी, आणि सीमेत ती येतेही. पण किती हळू! सुमारे हजार पदं मिळवल्यावरही बेरीज 0.148 च्या आसपास असते. दहा लाख पदांनंतर 0.015. पदांची संख्या हजारपट केली तेव्हा चूक जेमतेम दहावा हिस्सा झाली. टोकाच्या जवळ असाल तर पदं वाढवू नका, विस्ताराचा बिंदू बदला.

सहगुणक संगणकावर तपासता येतील का?

पायथनमध्ये काही ओळींचं काम आहे. अपूर्णांक अपूर्णांकच राहतात, दशांश होत नाहीत:

```python
from fractions import Fraction as F
p, k, t = F(1, 3), F(3, 8), F(2)
for n in range(5):
    print(n, t)
    t = t * (p - n) / (n + 1) * k
```

p म्हणजे घातांक, k म्हणजे u मधला x चा सहगुणक, आणि t ची सुरुवात बाहेर काढलेल्या मुळाने. उत्तर छापून येतं 2, 1/4, −1/32, 5/768, −5/3072. त्रिज्या मात्र तुम्हालाच सांगावी लागेल.

मुळाखाली वर्गराशी असेल तर? उदाहरणार्थ √(1 + x − 2x²). इथे u = x − 2x² घेऊन |u| < 1 सोडवायचं ना?

पदं काढायला u तसा घ्या, त्रिज्येसाठी मात्र नको. पदं आधी पाहू. √(1 + u) = 1 + u/2 − u²/8 + u³/16 − … यात u = x − 2x² ठेवा. u² = x² − 4x³ + …, आणि u³ = x³ + …. समान घात एकत्र केले की

```
√(1 + x − 2x²) = 1 + x/2 − 9x²/8 + 9x³/16 + …
```

इथे −x²/8 हे u² मधून आणि −x² हे u/2 मधून येतं. त्यातलं एक विसरलं की पुढचं सगळं बिघडतं. वर्ग करून तपासा: x² चा सहगुणक −9/4 + 1/4 = −2, आणि x³ चा 9/8 − 9/8 = 0.

आता त्रिज्या. |x − 2x²| < 1 सोडवलं तर उत्तर येतं −1/2 < x < 1. हे शून्याभोवती सारखं पसरलेलंच नाही, आणि घातश्रेढीचा अंतराल असा एका बाजूला लांब असूच शकत नाही. इथेच शंका यायला हवी. मुळाखालच्या राशीचे अवयव पाडा: 1 + x − 2x² = (1 − x)(1 + 2x). ती x = 1 ला आणि x = −1/2 ला शून्य होते. जवळची भिंत −1/2 ला, म्हणून त्रिज्या 1/2.

मग x = 0.8 ला काय होतं? तिथे u = −0.48, त्यामुळे u ची श्रेढी छान अभिसारी आहे आणि √0.52 कडे जाते. पण कंस उघडून, x च्या घातांप्रमाणे पदांची नव्याने मांडणी केली की तीच श्रेढी अपसारी होते. कारण अनंत पदांची जागा हवी तशी बदलायची मुभा तेव्हाच असते, जेव्हा सगळी पदं धन करूनही बेरीज टिकते. x − 2x² मध्ये वजाबाकीमुळे u लहान राहिला आहे. चिन्हं काढून टाकली तर 0.8 + 1.28 = 2.08 होतात, म्हणजे एकापेक्षा जास्त. |x| + 2|x|² < 1 ही अट सोडवून पाहिलीत तर |x| < 1/2 च मिळतं. या उदाहरणात दोन्ही वाटा एकाच आकड्यावर येतात, पण दर वेळी तसं होत नाही. √(1 + x + x²) मध्ये |x| + |x|² < 1 वरून |x| < 0.618 एवढंच हाती लागतं. त्याची शून्यं मात्र संमिश्र आहेत आणि मूळबिंदूपासून बरोबर 1 अंतरावर, म्हणून खरी त्रिज्या 1. 0.618 च्या आत श्रेढी चालते हे खरंच आहे, फक्त ती त्याच्या पुढेही चालते.